क्रेन आडवी झाली तर कुठवर पोहोचेल?

दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकातून ५ एप्रिल २०१६ रोजी गतिमान एक्स्प्रेस पहिल्यांदा आग्र्याकडे निघाली, ती ताशी १६० किलोमीटरच्या वेगासाठी. तुघलकाबादनंतर हा मार्ग फरीदाबाद, बल्लभगढ, पलवल अशा दाट वस्तीतून जातो. राजधानी क्षेत्रात रुळांच्या दोन्ही अंगांना गेली वीस वर्षे सतत काही ना काही उभे राहते आहे. कुठे मेट्रोचे खांब, कुठे उड्डाणपूल, कुठे पादचारी पूल, तर कुठे दिल्ली-मेरठ नमो भारतसारखा नवा मार्ग. अशा प्रत्येक कामावर क्रेन असते आणि प्रत्येक कामाच्या कागदपत्रांत जोखीम-आढाव्याचे एक प्रकरण असते. हे प्रकरण नीट कसे लिहावे, म्हणजे धोके कोणते धरावेत, मज्जाव क्षेत्र कुठवर आखावे आणि उपाय कोणते ठेवावेत, याचा हा आढावा आहे.

माझे मुख्य म्हणणे आधीच मांडतो. बहुतेक आढाव्यांत मज्जाव क्षेत्र आखतात ते क्रेन नीट चालली तर ती कुठवर जाईल हे पाहून. ते आखायला हवे क्रेन पडली तर कुठवर जाईल हे पाहून. या दोन रेषांमध्ये वीस-वीस मीटरचा फरक पडू शकतो आणि तेवढ्या अंतरात दोन-तीन रेल्वे लाइनी सहज बसतात.

सहा मीटरची रेषा कशासाठी आहे

चालू रुळालगत कंत्राटदाराची वाहने कशी वावरावीत याचे रेल्वेचे नियम स्पष्ट आहेत. वाहन रुळापासून ६ मीटर दूर ठेवायचे. त्याहून जवळ यायचे असेल तर रेल्वेचा अधिकृत कर्मचारी समोर हजर हवा. रुळाच्या मध्यापासून साडेतीन मीटरच्या आत वाहनाचा कोणताही भाग येता कामा नये. चालकाची परवान्यासह नोंद करायची, त्याला समजावून, तपासून प्रमाणित करायचे, सोबत प्रशिक्षित झेंडेवाला आणि पर्यवेक्षक ठेवायचा आणि काम शक्यतो सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच करायचे. जमिनीवर चुन्याची रेघ मारतात किंवा बांबूचे, पाइपचे बॅरिकेड उभे करतात.

हे नियम चांगले आहेत आणि अनुभवातून आलेले आहेत. मात्र ते घडले ते मातीचे डंपर, जेसीबी, रोलर डोळ्यांसमोर ठेवून. डंपर उलटला तर आपल्या उंचीइतक्या अंतरात पडतो, त्यामुळे त्याच्यासाठी सहा मीटर पुरतात. तीस मीटरचा बूम वर केलेली क्रेन त्याच चुन्याच्या रेघेमागे उभी केली, तर नियम अक्षरशः पाळला जातो आणि धोका जिथे होता तिथेच राहतो. मी वाचलेल्या कितीतरी आढाव्यांत ‘क्रेन ६ मीटरच्या बाहेर उभी राहील’ हे वाक्य उपाय म्हणून नोंदलेले असते आणि त्याच्या बळावर जोखमीचा आकडा २० वरून ८ वर आणलेला असतो. ते वाक्य क्रेनच्या चाकांविषयी बोलते, बूमविषयी त्यात चकार शब्द नसतो.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नाला निराळी सुरुवात केली जाते. क्रेन किंवा तिचे ओझे कोसळल्यावर रुळापासून चार मीटरच्या आत पडू शकेल का, हा तिथला पहिला प्रश्न. उत्तर ‘हो’ असेल तर ते काम रेल्वेचे काम समजायचे आणि त्याची आखणी रेल्वेच्या संमतीनेच करायची. क्रेन कुठे उभी आहे हे त्यानंतर पाहिले जाते. आपल्याकडचा सहा मीटरचा नियम बदलण्याची गरज नाही. त्याच्या शेजारी ही दुसरी रेषा आखली, तरी पुष्कळ काम होईल.

एक लिफ्ट आकड्यांत

नमुना म्हणून एका पादचारी पुलाची लिफ्ट घेऊ. आकडे माझ्या मनाचे आहेत, पण कोणत्याही साइटवर सापडतील असे. शेजारी चार लाइनी, दोन लाइनींच्या मध्यांतले अंतर ५.३ मीटर. जिन्याकडचा १२ मीटर लांबीचा पोलादी गर्डर उचलायचा आहे, वजन ६ टन. हूक ब्लॉक, स्लिंग, शॅकल आणि स्प्रेडर धरून एक टन वाढवू, म्हणजे एकूण ओझे ७ टन. (आढाव्यात नेमका हा एक टन विसरतात आणि लोड चार्टशी फक्त गर्डरचे वजन ताडून पाहतात.) क्रेनचा बूम २८ मीटर, काम करण्याची त्रिज्या १४ मीटर, आणि चार्टप्रमाणे त्या त्रिज्येत क्रेनची क्षमता १२ टन. वापर ५८ टक्के. कागदावर लिफ्ट अगदी आरामाची आहे.

क्रेनचा मध्य सर्वांत जवळच्या लाइनीच्या मध्यापासून १६ मीटरवर आहे. त्रिज्या १४ मीटर, म्हणजे ओझे रुळाच्या दिशेला फिरवले तरी दोन मीटर अलीकडेच राहते. नेहमीचा आढावा इथेच थांबतो आणि लिहितो, ‘ओझे रुळावर जात नाही.’

आता तीच क्रेन रुळाच्या दिशेने आडवी झाली असे धरू. बूमचे टोक मध्यापासून साधारण २८ मीटरवर आपटेल. क्रेन आउटरिगरच्या कडेवर कलंडते, त्यामुळे ते आणखी पुढे सरकते. टोकाला हूक आणि ओझे लटकलेले असते, म्हणून वर तीन मीटर तरी धरावेत. हिशेब ३१ मीटरवर गेला, तेवढ्या त्रिज्येचे हे पडझडीचे वर्तुळ. चार लाइनींचे मध्य आहेत १६, २१.३, २६.६ आणि ३१.९ मीटरवर. पहिल्या तीन लाइनी सरळ बूमखाली येतात. डबा मध्यापासून बाहेर साधारण १.६ मीटर येतो, म्हणून चौथ्या लाइनीवरच्या डब्याची अलीकडची बाजूही ३०.३ मीटरवर, या कक्षेतच आहे. वर ओव्हरहेड वायर आहे ती वेगळीच. बूम तिच्यावर पडला तर एका लाइनीची वायर ओढली जाताना शेजारच्या खांबांनाही हिसका बसतो. ‘ओझे रुळावर जात नाही’ असे लिहिलेल्या लिफ्टची पडझड चारही लाइनींवर पोहोचते.

यावर इलाज आहे आणि तो बहुतेक वेळा आखणीतच सापडतो. क्रेन कलंडते ती सहसा ओझ्याच्या दिशेला. बूम रुळाच्या उलट बाजूलाच राहील अशी क्रेन लावली आणि फिरण्याची मर्यादा यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक लिमिटरने बांधून टाकली, तर ट्रेलरवरून गर्डर उतरवणे, जमिनीवर जोडणे, मांडणे ही कितीतरी कामे गाड्या चालू असताना करता येतात. उरतात फक्त त्या लिफ्ट, ज्यांत बूम रुळाकडे वळवावाच लागतो. तेवढ्या ब्लॉकमध्ये करायच्या. शंभर लिफ्टच्या कामात अशा लिफ्ट बोटांवर मोजण्याइतक्या निघतात. आढाव्याचा खरा उपयोग त्या वेगळ्या काढण्यात आहे.

दोन अपवाद मात्र लिहून ठेवायला हवेत. ओझे अचानक सुटले, म्हणजे स्लिंग तुटली किंवा शॅकलची पिन निघाली, तर ताणलेला बूम मागे उसळतो. बूम पार वर केलेला असेल आणि हुकाला ओझे नसेल, तर मागच्या काउंटरवेटमुळे क्रेन उलट्या बाजूलाही जाऊ शकते. म्हणून रुळाकडे पाठ करून उभ्या केलेल्या क्रेनसाठीही मागच्या बाजूचा हिशेब हवा. शिवाय क्रेन फिरते तेव्हा काउंटरवेटचे मागचे टोक कित्येक मीटरचे वर्तुळ काढते. पुढच्या हुकावर सगळ्यांची नजर असते, मागच्या टोकाकडे कुणी पाहत नाही.

मोठ्या क्रेनला निदान लोड चार्ट असतो आणि तिच्याभोवती माणसे सावध असतात. राजधानी क्षेत्रातल्या साइटवर रोजचे ओझे वाहते ती हायड्रा. पुढे बूम, त्याला लटकलेला पाइप किंवा गर्डरचा तुकडा आणि तशीच चालत जाणारी गाडी. तिला आउटरिगर नसतात, ओझे पुढे झुलत राहते आणि चालकाला समोरचा रस्ता त्या ओझ्याआडून पाहावा लागतो. खडबडीत जमिनीवर एका चाकाखाली खड्डा आला की ओझे एका बाजूला झुलते आणि गाडी कलते. अनेक मोठ्या प्रकल्पांनी तिच्या वापरावर निर्बंध घातले आहेत, ते योग्यच आहे. चालू लाइनीलगत ओझे लटकवून हायड्रा चालवणे हा प्रकार आढाव्यात ‘नियंत्रित’ म्हणून येऊच नये. तिथे ट्रेलर किंवा ट्रॉली वापरावी आणि लिफ्ट जागेवर उभे राहून करावी.

जमीन

क्रेन कलंडण्याची कारणे शोधायला गेले की पुन्हा पुन्हा जमिनीपाशी यावे लागते. वरच्या उदाहरणातली क्रेन काउंटरवेटसकट ४८ टनांची धरू, ओझ्यासकट ५५ टन. बूम एका आउटरिगरच्या बरोबर वर आला की त्या एका पायावर एकूण भाराचा पाऊण हिस्सा येऊ शकतो, म्हणजे सुमारे ४० टन. पायाखालचे मूळ पॅड अर्धा मीटर बाय अर्धा मीटर असेल तर दाब येतो चौरस मीटरला १६० टन. रुळालगतचा भराव, विशेषतः जुना आणि न दाबलेला, चौरस मीटरला आठ-दहा टनांवर भरवशाचा राहत नाही. दोन बाय दोनचे मॅट टाकले तर दाब १० टनांवर येतो आणि तोही काठावरच. अडीच बाय अडीचचे ताठ मॅट टाकल्यावर तो साडेसहाच्या आत येतो आणि मग जरा श्वास घेता येतो. मॅट ताठ असणे यात फार महत्त्वाचे आहे. पातळ पत्रा किंवा एकावर एक रचलेले जुने स्लीपर मध्येच वाकतात. भार पसरतो असे दिसते, पण तो पसरत नाही.

दिल्लीची बरीच जमीन यमुनेच्या गाळाची आणि स्थानकांच्या आसपासचा वरचा थर बहुतेक भरावाचा. त्याखाली काय गेले आहे याचा नकाशा क्वचितच पूर्ण मिळतो. बुजवलेले नाले, जुन्या पाइपलाइन, सिग्नल आणि दूरसंचाराच्या केबल सगळे तिथेच असते. सिग्नलची केबल आउटरिगरखाली दबली तर क्रेन उभीच राहते, पण गाड्या अडकतात. म्हणूनच केबलजवळ खोदकाम करण्यापूर्वी रेल्वेच्या संबंधित विभागांनी मिळून मार्ग दाखवायचा, अशी संयुक्त कार्यपद्धती रेल्वेने ठरवून दिली आहे. क्रेनच्या पायासाठीही तीच पद्धत लावावी. खोदायचे नाही म्हणून विचारायचे नाही, असे करू नये.

जमीन खचते आहे हे कळते कसे? पहिली खूण आउटरिगरच्या मॅटभोवती दिसते. कडेला केसासारखी गोल भेग पडते, एका बाजूची माती वर येते किंवा मॅटचा एक कोपरा जमिनीत रुतू लागतो. केबिनमधला लेव्हल-बबल हळूहळू एका बाजूला सरकतो. प्रत्येक मोठ्या लिफ्टआधी ओझे जमिनीपासून वीतभर उचलून पाच मिनिटे धरून ठेवायचे आणि चारही पायांकडे चार माणसांनी पाहायचे, ही जुनी रिगर मंडळींची सवय मला कुठल्याही गुणांकन तक्त्यापेक्षा मोलाची वाटते. लिफ्टिंग प्लॅनमध्ये ती पाच मिनिटे वेगळी धरलेली हवीत, नाहीतर ब्लॉकच्या घाईत पहिला बळी त्यांचाच जातो.

एकाहून अधिक क्रेन लागतात तिथे हे सगळे कितीतरी पटींनी नाजूक होते. १२ जुलै २००९च्या पहाटे दक्षिण दिल्लीत झमरुदपूरला मेट्रोच्या बांधकामात खांबाचा माथा ढासळून लाँचिंग गर्डर कोसळला आणि सहा जण दगावले. दुसऱ्या दिवशी तो ढिगारा उचलताना एक क्रेन कोसळली आणि तिने शेजारच्या आणखी दोन क्रेन पाडल्या. सहा जण जखमी झाले. हे ठिकाण रेल्वे लाइनीलगत नव्हते. तरी या दुसऱ्या दिवसाच्या घटनेने रेल्वेलगतच्या आढाव्यासाठी फार नेमके काही सांगून ठेवले आहे. ओझे वाटून घेणाऱ्या क्रेनपैकी एकीने हात सोडला की तिचा वाटा क्षणात उरलेल्यांवर जातो. त्यांची क्षमता चार्टच्या जवळ वापरलेली असेल तर त्याही जातात. म्हणून दोन क्रेनच्या लिफ्टमध्ये प्रत्येकीवर चार्टच्या बऱ्याच खाली भार ठेवावा. पडझडीचे वर्तुळही दोघींचे मिळून एकच आखावे. शिवाय अपघातानंतरच्या साफसफाईची लिफ्ट पहिल्या लिफ्टइतकीच कसून आखावी. ती करताना वजन माहीत नसते, गुरुत्वमध्य माहीत नसतो, भोवती गर्दी असते आणि वरून लाइन लवकर मोकळी करण्याचा दबाव असतो.

वायर आणि ब्लॉक

ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्ट असतात आणि ती रुळापासून साडेपाच मीटरच्या आसपास असते. दुहेरी कंटेनरच्या समर्पित मालमार्गावर, म्हणजे राजधानी क्षेत्रातल्या रेवाडीकडच्या भागात, ती साडेसात मीटरवर जाते. चालू वायरपासून दोन मीटरच्या आत कुणीही, काहीही न्यायचे नाही. तेवढ्या जवळ जायचेच असेल तर पॉवर ब्लॉक आणि लेखी परमिट हवे. क्रेनच्या बाबतीत हे दोन मीटर लटकत्या ओझ्याच्या झोक्यापासून मोजायचे असतात. लोंबणारी टॅग लाइनही त्यात धरायची, कारण ओला दोर वीज वाहतो.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. वीज बंद केली म्हणजे वायर निर्जीव झाली, असे होत नाही. शेजारच्या लाइनीची वायर चालू असते आणि तिच्या प्रभावाने बंद वायरमध्येही जीवघेणे व्होल्टेज चढते. म्हणून ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलरने वीज बंद केल्याचा निरोप आला म्हणून लगेच काम सुरू करायचे नाही. कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून वायर जमिनीशी जोडायची आणि परमिट हातात आल्यावरच हूक हलवायचा. क्रेनचा सांगाडाही स्वतंत्रपणे अर्थ करावा. चालू वायरजवळ लांबलचक बूम उभा असला की स्पर्श न होताही रिगरला झटका बसू शकतो आणि दचकलेला रिगर ओझ्याखाली चुकीचे पाऊल टाकतो.

या सगळ्याला वेळ लागतो आणि तो ब्लॉकमधूनच जातो. समजा, रात्री दोन तासांचा ब्लॉक मिळाला. शेवटची गाडी जाऊन लाइन अडवणे, वीज बंद करणे, रॉड लावणे, परमिट घेणे यात वीस मिनिटे धरा. परत देताना माणसे, हत्यारे मोजणे, रॉड काढणे, परमिट परत करणे यात आणखी वीस. हातात उरतात ऐंशी मिनिटे. त्यांत पाच मिनिटांची चाचणी-उचल, मग फिरवणे, बसवणे, बोल्ट आवळणे आणि हूक मोकळा करून बूम रुळाबाहेर आणणे. माझ्या मते योजनेत एक वेळ घड्याळाप्रमाणे लिहिलेली हवी. त्या वेळेपर्यंत ओझे जमिनीवरून उचललेले नसेल, तर त्या रात्री उचलायचे नाही. हा निर्णय कुणाचा, त्या माणसाचे पदनामही लिहावे. नाहीतर रात्री अडीच वाजता, नेमके ओझे अर्ध्यावर असताना, हा वाद उभा राहतो.

कामाच्या जागेसाठी ब्लॉक किती मोठा मागायचा, हेही पडझडीच्या वर्तुळावरून ठरते. वरच्या उदाहरणात गर्डर फक्त पहिल्या लाइनीजवळ बसवायचा आहे, म्हणून एका लाइनीचा ब्लॉक मागण्याचा मोह होतो. वर्तुळ मात्र चारही लाइनींवर आहे. अशा वेळी चारही लाइनींचा छोटा ब्लॉक घ्या, नाहीतर बूम लहान करता येईल अशी जागा शोधा. दिल्लीच्या वाहतुकीत चारही लाइनींचा ब्लॉक मिळवणे अवघड आहे, हे खरे. मुंबईत नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाक पूल पाडताना मध्य रेल्वेने टप्प्याटप्प्याने २७ तासांचा ब्लॉक घेतला होता. लोकलची मुंबई जिथे एवढा वेळ काढते, तिथे एका गर्डरसाठी दीड-दोन तास मागताना संकोच करू नये. मिळाला नाही तर तारीख पुढे ढकलावी.

रात्रीच्या कामाचा आणखी एक प्रश्न असतो, तो दिव्यांचा. प्रकाशझोत लोको पायलटच्या डोळ्यांवर जाता कामा नये आणि लाल किंवा हिरव्या रंगाचा भास होईल असा एकही दिवा लाइनीकडे तोंड करून असू नये.

वारा आणि धुके

राजधानी क्षेत्राच्या हवेत दोन गोष्टी खास आहेत. उन्हाळ्यात येणारी आंधी ही पहिली. ३० मे २०२२च्या संध्याकाळी दिल्लीत वाऱ्याचा झोत ताशी शंभर किलोमीटरपर्यंत गेला, झाडे उन्मळली, जामा मशिदीच्या घुमटावरचा कळसही मोडला. मोबाइल क्रेनसाठी उत्पादक साधारण सेकंदाला ९-१० मीटर, म्हणजे ताशी ३५ किलोमीटरच्या आसपासची मर्यादा देतात. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शंभराच्या झोताचा रेटा पस्तीसच्या आठपट असतो. आंधी येते ती पश्चिमेकडे आभाळ तांबूस होत आणि मग काही मिनिटांत सगळे झाकले जाते. तेवढ्यात २८ मीटरचा बूम खाली घेणे जमेलच असे नाही. त्यामुळे एप्रिल ते जूनमध्ये रुळाकडे वळणारी लिफ्ट दुपारनंतर ठेवू नये, वाऱ्याचा मापक बूमच्या टोकावर बसवावा आणि हवामान खात्याचा तासातासाचा इशारा पाहायला एक माणूस नेमावा. जमिनीवर झुळूक नसली तरी पंचवीस मीटरवर वेगळीच हवा असते.

दुसरी गोष्ट डिसेंबर-जानेवारीचे धुके. सगळी संरक्षणव्यवस्था झेंडा आणि शिट्टी यांवर उभी असेल तर ती धुक्यात कोसळते. झेंडेवाल्याला गाडी दिसत नाही आणि गाडीला झेंडेवाला दिसत नाही. अशा पहाटे पडझडीच्या वर्तुळात लाइन येत असलेली लिफ्ट करू नये.

पडलीच तर

स्वच्छ हवेतही झेंडेवाल्यावर किती भिस्त ठेवायची, हे आकड्यांत मांडून पाहावे. ताशी १६० किलोमीटरची गाडी सेकंदाला ४४ मीटर जाते. ती १२०० मीटरवर दिसली तर २७ सेकंदांत क्रेनसमोर येते. ताशी १३०ची गाडी घेतली तरी ३३ सेकंद. एवढ्या वेळात लटकते ओझे फिरवून सुरक्षित जागी टेकवता येत नाही. गाडी येते म्हणून झेंडेवाल्याने शिट्टी मारायची आणि ऑपरेटरने थांबायचे, एवढाच उपाय धरता येतो. थांबायचे म्हणजे ओझे जमिनीवर टेकवलेले किंवा बूम लाइनीला समांतर आणि स्थिर. त्यासाठी गाडीची खबर स्टेशन मास्तरकडून काही मिनिटे आधी यायला हवी, दिसण्यावर विसंबून चालत नाही.

आता उलट बाजू पाहू. क्रेन लाइनीवर पडली आहे आणि गाडी थांबवायची आहे. रेल्वेच्या सामान्य नियमांप्रमाणे ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने, तीन डेटोनेटर लावायचे असतात आणि लाल झेंडा दाखवायचा असतो. खडीवरून १२०० मीटर धावायला धडधाकट माणसाला सात-आठ मिनिटे लागतात. तेवढ्यात ताशी १३०ची गाडी पंधरा किलोमीटर कापते. शिवाय लाइनी चार आहेत आणि दिशा दोन.

तैवानमधल्या ताइचुंग शहरात १० मे २०२३ रोजी हेच घडले. मेट्रोच्या फेंगले पार्क स्थानकालगत एका खासगी इमारतीवरच्या क्रेनचा जिब मेट्रोच्या उन्नत मार्गावर पडला. गाडी त्या वेळी स्थानकात होती. ती थांबवण्याचा संदेश वेळेत पोहोचला नाही. चालकाविना धावणारी ती गाडी ठरल्याप्रमाणे निघाली आणि जिबवर आदळली. एक प्रवासी मरण पावली. क्रेन पडणे हा पहिला अपघात होता आणि गाडी निघणे हा दुसरा. दुसरा टाळण्याइतका अवधी त्या दिवशी होता. दिल्ली मेट्रोचे कितीतरी उन्नत मार्ग खासगी बांधकामांना खेटून जातात. तिथल्या बिल्डरच्या टॉवर क्रेनच्या ऑपरेटरला मेट्रोच्या नियंत्रण कक्षाचा थेट क्रमांक माहीत आहे का, हा प्रश्न कुणीही आजच विचारून पाहावा.

आपल्याकडे २३ मार्च २०२५च्या रात्री अकराच्या सुमारास अहमदाबादजवळ वटवा येथे बुलेट ट्रेनच्या कामावरची लाँचिंग गॅन्ट्री जागेवरून घसरली आणि शेजारच्या रेल्वे लाइनीवर परिणाम होऊन अनेक गाड्या रद्द कराव्या लागल्या. कुणाला इजा झाली नाही. गर्डर टाकून झाल्यावर गॅन्ट्री मागे घेत असताना ती घसरली, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. आढाव्यात सगळे लक्ष ओझे उचलण्यावर असते. यंत्र मागे घेणे, बूम आवरणे, काउंटरवेट उतरवणे या ‘काम झाल्यानंतरच्या’ हालचालींना एखादी ओळ मिळते. त्यांनाही तितकाच वेळ, तेवढाच मज्जाव आणि तोच पर्यवेक्षक हवा.

म्हणून उपायांच्या रकान्यात मी पुढील व्यवस्था मागेन. ज्या लिफ्टच्या पडझडीच्या वर्तुळात चालू लाइन येते आणि तिचा ब्लॉक काही कारणाने मिळालेला नाही, ती लिफ्ट आढाव्याने मंजूर करू नये. ब्लॉक असलेल्या लिफ्टच्या वेळी शेजारच्या चालू लाइनींसाठी दोन्ही दिशांना १२०० मीटरवर माणूस आधीच उभा असावा. त्याच्या हातात डेटोनेटर, लाल झेंडा, लाल दिवा आणि वॉकीटॉकी असावी. क्रेनजवळच्या रेल्वे पर्यवेक्षकाकडे दोन्ही बाजूंच्या स्टेशन मास्तरांचे आणि ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलरचे क्रमांक लिहिलेले असावेत. लिफ्टच्या आधी त्या तिन्ही क्रमांकांवर एकेक फोन करून पलीकडे कोण उचलतो ते पाहावे आणि त्याचे नाव वेळेसकट लिहावे. धोका नेमका कशाला म्हणायचे तेही ठरलेले असावे. ‘ओझे अनपेक्षितपणे दहा सेंटिमीटर खाली आले, आउटरिगर हलला किंवा लोड इंडिकेटरचा भोंगा वाजला’ एवढी नेमकी व्याख्या हवी. त्यातले काहीही झाले की पर्यवेक्षकाने कुणालाही न विचारता ‘गाड्या थांबवा’ असा निरोप द्यायचा. क्रेन सावरली तर गाड्या दहा मिनिटे उशिरा धावतील. तो उशीर पर्यवेक्षकाच्या नावे मांडला जाणार नाही, हे कंत्राटदाराने आणि रेल्वेने त्याला लेखी दिलेले असावे आणि त्याची प्रत लिफ्टिंग प्लॅनला जोडलेली असावी.